पहिली पेटी निघायच्या आधी: कॅटलॉग पुढे की वेबसाइट?

आमच्या पावसच्या बागेतला हापूस मार्च-अखेरीला उतरायला लागतो. ऑनलाइन विक्रीची तयारी मात्र मी फेब्रुवारीतच उरकतो, कारण एकदा पेट्या भरायला बसलं की फोन हातात धरायलाही फुरसत नसते.

सगळ्यात आधी मी वहीच्या पानावर दोन रकाने आखतो. एकात गेल्या वर्षीची गिऱ्हाइकं, दुसऱ्यात गूगलवर शोधत किंवा कुणाच्या सांगण्यावरून नव्याने येणारी. जुन्या गिऱ्हाइकाला बागेचा इतिहास नको असतो. त्याचा प्रश्न एकच, "यंदा काय भाव?" त्याला थेट व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, म्हणजे `wa.me/c/` आणि पुढे ९१ लावून आपला नंबर. नवख्याला मात्र हा माणूस खरा का, आंबा रत्नागिरीचाच का, पेटीत डागी निघाला तर काय, हे आधी कळायला हवं. त्याच्यासाठी वेबसाइट पुढे. गूगल मॅप्सवरच्या आपल्या नोंदीतही म्हणून वेबसाइटचाच पत्ता द्यायचा. स्टेटसवर आणि पेटीत टाकायच्या चिठ्ठीवर कॅटलॉगचा.

दुसरं काम भावाचं, आणि इथे मी हात पोळून घेतलाय. हापूसचा भाव हंगामाच्या सुरुवातीला चढा असतो आणि आवक वाढली की उतरतो. दोन वर्षांपूर्वी मी कॅटलॉगवर पाच डझनाची पेटी ३,८०० केली आणि वेबसाइटवर ४,५०० तशीच राहिली. पुण्याच्या एका बाईंनी वेबसाइट बघून ४,५०० भरले. त्याच सोसायटीतल्या त्यांच्या मैत्रिणीने कॅटलॉगवरून मागवली होती. दोघींचं बोलणं झालं आणि संध्याकाळी मला स्क्रीनशॉट आला. ७०० रुपये परत केले, पण बाई पुन्हा आल्या नाहीत. तेव्हापासून भाव एकाच ठिकाणी, कॅटलॉगमध्ये. तो फोनवरून, बागेत उभं राहूनही बदलता येतो. वेबसाइटवर भाव लिहीत नाही, फक्त "आजचा भाव बघा" असं बटण आहे आणि ते कॅटलॉग उघडतं. ज्यांच्या वेबसाइटवरच पैसे भरायची सोय आहे, त्यांनी उलटं करावं: कॅटलॉगमध्ये किमतीचा रकाना रिकामा सोडावा, तो भरलाच पाहिजे असं नाही, आणि वस्तूच्या लिंकच्या जागी वेबसाइटचं पान द्यावं.

कॅटलॉग भरताना हात आखडता घ्या. जागा ५०० वस्तूंची आहे, मी चारच ठेवतो. नावातच सगळं लिहितो: "हापूस, ५ डझन, फळ २५० ग्रॅमच्या वर". फोटो उघड्या पेटीचा, शेजारी फळ काट्यावर ठेवलेलं. आकाराबद्दलचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. टाकलेली वस्तू व्हॉट्सॲपकडून तपासून मगच दिसते, तेव्हा हे काम पेट्या निघायच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका. आणि कॅटलॉगला शिल्लक कळत नाही. माल संपला तरी गिऱ्हाईक कार्टमध्ये टाकून पाठवतंच, शिवाय कार्ट आलं म्हणजे पैसे आले असंही नाही. माल संपला की वस्तू लपवायची, हे काम घरात एकाच्याच गळ्यात घाला. आमच्याकडे वहिनीकडे आहे.

वेबसाइटवरून बोलायला येणारा कुठून आला ते ओळखता यावं म्हणून तिथल्या चॅटच्या बटणात मजकूर आधीच भरून ठेवतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=WEB-hapus
```

९१ च्या आधी अधिक चिन्ह नाही, मध्ये मोकळी जागा नाही, नाहीतर लिंक उघडेलच असं नाही. "WEB" दिसलं की माणूस नवा हे कळतं आणि पिनकोड आधी विचारता येतो. कुणी तो मजकूर पुसतंही, पण अंदाजाला तेवढं पुरतं.

जुन्यांना ब्रॉडकास्टने भाव पाठवणार असाल तर एक गोष्ट आत्ताच करून ठेवा. ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही, त्यांच्यापर्यंत ब्रॉडकास्ट पोचतच नाही. एका यादीत २५६ जण मावतात, पण त्यातले किती खरे, हे त्या सेव्हवर ठरतं. मी फेब्रुवारीत एकेकाला वेगळा मेसेज टाकतो, "काका, नंबर सेव्ह करून ठेवा, मोहोर बरा आहे." कंटाळवाणं काम आहे, पण चुकवू नका.

शेवटी तपासणी. कॅटलॉगची लिंक दुसऱ्याच कुणाच्या फोनवर उघडून बघा. आपल्या फोनवर आपला कॅटलॉग मालकाच्या नजरेने दिसतो. वेबसाइट लॅपटॉपवरही बघा. ऑफिसातल्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप जोडलेलं नसलं तर आपलं बटण दाबून माणूस अडकतो, म्हणून बटणाखाली फोन नंबर साध्या आकड्यांत लिहिलेला हवा. माझ्या वेबसाइटवर तो गेल्या वर्षीपर्यंत नव्हता.