दगडी कमान बांधताना या चुका टाळा

सगळ्यात जुना गैरसमज म्हणजे माथ्यावरचा कळीचा दगड कमान धरून ठेवतो. तो फक्त शेवटी बसतो, म्हणून डोळ्यांत भरतो. कमानीतला प्रत्येक दगड शेजाऱ्याला तितकाच दाबतो आणि तो दाब शेवटी दोन्ही पायथ्यांना बाहेर रेटतो. मोठा गाळा ओलांडण्याची खरी किंमत या रेट्यात मोजावी लागते.

तो रेटा विसरणे ही दुसरी चूक. 4 मीटर गाळ्याच्या कमानीवर मीटरमागे 2 टन भार सारखा पसरला आहे असे धरा. उंची 1 मीटर असेल तर आडवा रेटा 4 टन येतो, उंची 2 मीटर केली तर 2 टन. बसकी कमान दिसायला सुबक असते, पण तिचे पायथे दुप्पट भक्कम लागतात. पायथे सरकले की माथ्याजवळ खालच्या अंगाला भेग उघडते आणि खांद्यांजवळ, म्हणजे माथा व पायथा यांच्या मधल्या भागात, वरच्या अंगाला. अशी भेग चुन्याने बुजवणे म्हणजे दुखणे झाकणे. आधी पायथा पाहा.

तिसरी चूक घाईच्या लोकांना पटतच नाही: कमान जास्त वजनाने नव्हे, चुकीच्या जागच्या वजनाने पडते. वेल्समधल्या पाँटिप्रिड गावी विल्यम एडवर्ड्सने टॅफ नदीवर पूल बांधायला घेतला. 1746 चा पहिला पूल पुरात वाहून गेला. मग त्याने सुमारे 43 मीटरची एकच कमान ठरवली. तिच्या पहिल्या प्रयत्नात बांधकाम चालू असताना कमानीला खालून धरणारे सेंटरिंग गेले. पुढच्या प्रयत्नात कमान पूर्ण झाली, पण खांद्यांवरचा भराव जड होता आणि माथा पातळ व हलका. खांदे खाली दबले आणि माथा वर उचलला जाऊन पूल कोसळला. 1756 मध्ये त्याने प्रत्येक खांद्यात तीन गोल पोकळ्या ठेवून वजन कमी केले. तो पूल आजही उभा आहे. म्हणून भराव दोन्ही बाजूंनी सारखा, थराथराने चढवा. एक बाजू आधी उरकून मग दुसरी हाती घेणे हा कामचुकारपणा आहे.

सेंटरिंग एका झटक्यात काढू नका. खालच्या पाचरी सगळीकडे थोड्याथोड्या सैल करा, थांबा, सांधे पाहा, मग पुढे.

घुमटाला कमान गोल फिरवली इतकेच समजू नका. अर्धगोलात माथ्यापासून सुमारे 52 अंश खाली गेल्यावर दगडांचे आडवे गोल कडे ताणले जाते, आणि दगडी सांधा ताण घेत नाही. त्यामुळे उभ्या भेगा तळापासून वर चढतात. त्या भागाला बाहेरून वजनदार भिंत हवी, किंवा आतून प्रतिभार. विजापूरच्या गोलघुमटात (1656) एकमेकींना छेदणाऱ्या कमानींचे आत झुकलेले वजन हेच काम करते. तो घुमट विटा-चुन्याचा आहे, पण ताण न सोसण्याची अडचण तीच.