लहान गावातल्या कोवर्किंग जागेला नाव कसे द्यावे

तालुक्याच्या गावात फ्रीलान्सरांसाठी कोवर्किंग जागा सुरू केली की पहिल्यांदा जिना चढून येणारा माणूस साधारण तीनच प्रश्न विचारतो: ही अभ्यासिका आहे का, इथे फॉर्म भरून मिळतात का, आणि क्लासची फी किती. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, महा ई-सेवा केंद्रे आणि क्लासेस गावाला ओळखीचे आहेत, कोवर्किंग नाही. म्हणून नाव ठरवताना ते कानाला किती गोड लागते यापेक्षा या तिन्हींपासून ते वेगळे वाटते का, हे आधी बघायचे.

उदाहरणादाखल वाई घेऊ. बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर बारा खुर्च्यांचा हॉल आहे. येणारे कोण? घरून काम करणारे डिझायनर, अनुवादक, हिशेब लिहिणारे आणि पाचगणीला आलेले, दोन दिवस लॅपटॉप घेऊन बसायला जागा शोधणारे पाहुणे.

आधी पंधरा-वीस नावे कागदावर उतरवा आणि मग एकेक खोडत जा. ‘वर्कहब’, ‘स्पेस’, ‘नेक्स्ट’ असली नावे कुठल्याही शहरात चालतात, म्हणून लक्षात राहत नाहीत. ‘कृष्णाई’ गोड आहे, पण कृष्णाकाठच्या गावात हॉटेल, पतसंस्था, मंगल कार्यालय यांपैकी कुणीतरी ते आधीच घेतलेले असण्याची शक्यता दाट, आणि रिक्षावाला पाहुण्याला तिकडेच सोडणार. ‘अड्डा’ म्हटले की पत्त्यांचा डाव आठवतो. ‘वाई-फाय’ हा विनोद प्रत्येकाला सुचतो. पाटी वाचून लोक रिचार्ज मारायला येतील. ‘पडवी’ चांगले आहे, पण रोमन लिपीत Padvi लिहिले की नंदुरबारकडचे पाडवी आडनाव वाचले जाते. उरले ‘ओसरी’. नवख्या माणसाला आत न नेता जिथे बसवतात ती जागा, आणि तीनच अक्षरे.

आता फोनची चाचणी. नाव माहीत नसलेल्या पाच जणांना एसटी स्टँडच्या गोंगाटातून फोन करा, “ओसरीमधून बोलतोय” एवढे एकदाच म्हणा आणि ऐकलेले नाव देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत लिहून पाठवायला सांगा. देवनागरीत दोघांहून जास्त चुकले तर नाव बाद. रोमनमध्ये Osari आणि Osri असे फाटे फुटणारच. त्यातले एक कायमचे ठरवा. परवडत असेल तर दुसऱ्या स्पेलिंगचे डोमेनही घेऊन ठेवा, म्हणजे चुकलेला माणूसही तुमच्याच पानावर पोचेल.

त्यानंतर नाव मोकळे आहे का ते तपासा. नकाशावर गावाच्या नावासह शोधा आणि ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावरचा मोफत सार्वजनिक शोध वापरा. तिथे वर्ग 35 (व्यवसाय सेवा) आणि वर्ग 36 (जागा भाड्याने देणे) दोन्ही पाहा. एकाच वर्गात बघून निर्धास्त होणे ही नेहमीची चूक. उच्चार सारखा आणि स्पेलिंग वेगळे, असे नावही अडचणीचे ठरते, म्हणून दोन्ही स्पेलिंगने शोध घ्या.

खरे काम मात्र नावाखालच्या ओळीचे असते, आणि लोक नेमकी तीच टाळतात. ‘ओसरी’ एवढेच लिहिले तर जेवणाची थाळी शोधणारे येतील. खाली लिहा: ‘लॅपटॉपवर काम करायला टेबल, खुर्ची, वाय-फाय. पहिला मजला, जिना डावीकडे.’ ‘तासावर मिळेल’ हे शब्द बाहेरच्या पाटीवर नकोत. त्यांचा वास लॉजचा येतो. दर आत, दाराशी लावा. ‘कोवर्किंग’ हा शब्द वगळू नका, कारण बाहेरगावचा पाहुणा नेमका तोच शोधतो. फक्त तो दुसऱ्या ओळीत ठेवा.

महाराष्ट्रात पाटीवर देवनागरीतले मराठी नाव बंधनकारक आहे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. 2022 च्या दुरुस्तीनंतर हे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही लागू आहे. तीस फुटांवरून, म्हणजे रस्त्यापलीकडून, वाचायला तीन इंच उंचीची अक्षरे साधारण पुरतात; पण देवनागरीत वेलांट्या आणि मात्रांना वर-खाली जागा लागते, म्हणून पाच इंच धरा. पेंटरला रंग भरण्याआधी कागदावर त्याच मापाचा नमुना काढायला सांगा, तो भिंतीवर चिकटवा आणि समोरच्या दुकानातून वाचून बघा.

शेवटी पाटी, नकाशा, यूपीआयचा क्यूआर आणि बिल या चारही ठिकाणी नाव एकच ठेवा. क्यूआर स्कॅन केल्यावर मालकाचेच नाव दिसले तर नवखा माणूस पैसे पाठवताना थबकतो. त्यासाठी दुकानाच्या नावाने व्यापारी क्यूआर काढून घ्या. नकाशावर ‘ओसरी बेस्ट कोवर्किंग वाई’ असे शेपूट लावू नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि कोणी तक्रार केली तर नाव बदलले जाते किंवा नोंद बंद पडते. ‘कोवर्किंग’ ही ओळख नावात न घालता प्रवर्गाच्या रकान्यात भरा. खालच्या मजल्यावरच्या दुकानदारालाही तेच नाव सांगून ठेवा, कारण जिना कुठे आहे हे पाहुणा त्यालाच विचारणार आहे.