फोटोवरून बेरिंग मागवताय? या चुका टाळा

मागच्या सुगीत खानापूरकडच्या एका भातगिरणीवाल्याने फोटो पाठवला. तळहातावर काळंकुट्ट बेरिंग, खाली एक ओळ: "दादा, हेच पाठवा, बाहेरून 62 भरतंय." 62 म्हणजे 6206, असं धरून मी बेळगावहून बसने पार्सल लावलं. संध्याकाळी फोन आला, "शाफ्टवर लडबडतंय की ओ!"

चूक माझीच. बाहेरून 62 मिलिमीटर 6206 असतं, तसंच 6305 पण असतं. फरक भोकाचा: पहिल्याचं 30, दुसऱ्याचं 25. रुंदी 16 आणि 17, ती समोरून काढलेल्या फोटोत दिसतच नाही. त्यामुळे भोक, बाहेरचा व्यास, रुंदी ही तिन्ही मापं लागतातच.

खरं तर नंबर दिसला तर मोजायची गरजच नाही. तो रिंगच्या कडेवर कोरलेला असतो. फ्लॅश मारला की तिथे नुसता पांढरा डाग येतो. कड डिझेलने पुसा, वाळल्यावर खडू चोळा आणि टॉर्च बाजूने तिरका धरा, फ्लॅश बंद. पट्टी ठेवायची तर बेरिंगच्या कडेला टेकवून, त्याच उंचीवर. पट्टी कॅमेऱ्याच्या जवळ आली की बेरिंग लहान भरतं.

आतली रिंग शाफ्टवरच अडकून राहिली, तर लोक शाफ्ट मोजतात. रिंग फिरून शाफ्ट झिजलेला असतो, माप 24.6 येतं आणि मग "24.6 चं बेरिंग द्या" असा निरोप येतो. असं बेरिंग नसतं. ते 25 चंच. शाफ्ट लेथवर भरून घ्यावा लागतो. या जातीत 04 पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की भोक मिळतं. 05 म्हणजे 25.

झाकण पत्र्याचं की रबरी, हे फोटोत दिसतं; भुश्शाच्या जागी मी रबरीच देतो. पण नंबरामागे C3 होतं का, म्हणजे आत जादा ढिलाई होती का, ते कोरलेला नंबर पुसला असेल तर कुठल्याच फोटोत कळत नाही. जुनं खोकं फेकू नका म्हणतो ते त्यासाठीच.

पट्ट्यात वेगळीच गोची. नवा B पट्टा वर 17 रुंद, A 13. घासलेला B 15 भरला की माणूस दोन्हींच्या मध्ये लोंबकळतो. घासल्याने रुंदी कमीच होते, वाढत नाही, म्हणून 15 भरलेला A असूच शकत नाही. पाठीवर B 60 असं पुसट दिसलं तर 60 ही इंचातली आतली लांबी; ताणलेला पट्टा दोरीने मोजून तेवढाच मागवू नका.

आणि पुलीच्या खाचेचाही एक फोटो पाठवा. खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा तळाला टेकून घसरतोय. खाचेच्या बाजू झिजून खोलगट झाल्या असतील, तर नवा पट्टाही तसाच खाली बसणार, तेव्हा आधी पुली बदला.