परतीच्या बसचा थांबा सापडत नाही? हायवेवर आणि उड्डाणपुलाखाली या चुका टाळा

साध्या रस्त्यावर परतीची बस पकडणं अगदी सोपं असतं. उतरलो तिथून रस्ता ओलांडायचा आणि समोर उभं राहायचं. मधे दुभाजक आला, वर उड्डाणपूल आला, दोन्ही अंगांना सर्व्हिस रोड आले, की हा हिशेब मोडतो. परतीचा थांबा तेव्हा अर्धा किलोमीटर लांब, पुलाच्या दुसऱ्या अंगाला आणि उतरलेल्या जागेवरून अजिबात न दिसणारा असू शकतो.

उदाहरणासाठी पुण्यातलं वाकड घेऊ. मुंबई-बेंगळुरू हायवे इथे वरून जातो आणि हिंजवडी-वाकड रस्ता त्याच्या खालून. हिंजवडी हायवेच्या पश्चिमेला, वाकड पूर्वेला. कोल्हापूर-साताऱ्याकडून मुलाखतीला, मुलाकडे किंवा दवाखान्यात आलेली माणसं इथे उतरतात आणि संध्याकाळी पिशव्या घेऊन परतीची गाडी शोधत फिरतात.

पहिली चूक: "समोरच असेल" हे धरून चालणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून थोडं सविस्तर बघू.

पुलाखाली चौक असला की बसने चौकाच्या तोंडावरच थांबू नये, अशी सोय बघितली जाते. तिथे थांबली तर मागची सगळी रांग सिग्नलवर अडकते. त्यामुळे बस बहुतेक वेळा चौक ओलांडून थोडी पुढे थांबते आणि तिथून रॅम्पवरून पुन्हा हायवेला लागते. आता हेच दोन्ही दिशांना लावून बघा. मुंबईकडे जाणारी गाडी पुलाच्या उत्तरेला थांबणार, साताऱ्याकडे जाणारी दक्षिणेला. एक थांबा रस्त्याच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला. म्हणजे दोन्ही थांबे कॅरमच्या तिरप्या कोपऱ्यांतल्या भोकांसारखे पडतात. अंतर नुसत्या रस्त्याच्या रुंदीचं राहत नाही. त्यात चौक आणि दोन्हीकडच्या रॅम्पची लांबीही मिळवावी लागते.

समजा कोल्हापूरहून येणाऱ्या गाडीने तुम्हाला वाकडला पूल ओलांडून हिंजवडीच्या बाजूला सोडलं. परतीसाठी गाडी गेली त्याच्या उलट दिशेला सर्व्हिस रोडने चालत पुलापर्यंत या. डावीकडे वळा, पुलाखालून वाकडच्या बाजूला निघा. तिथून उजवीकडे वळून सर्व्हिस रोडने पुढे चालत राहा. उलट, मग डावीकडे, मग उजवीकडे. चौकानंतरचे थांबे असले की आपल्याकडे कुठल्याही पुलापाशी हाच क्रम लागतो, कारण गाड्या डावीकडून चालतात.

काही ठिकाणी गाड्या चौकाच्या आधीच थांबतात. मग सगळं उलटं होतं: आधी गाडीच्या दिशेनेच पुढे चौकापर्यंत जायचं, तिथून उजवीकडे पुलाखालून पलीकडे आणि मग डावीकडे. त्यामुळे उतरल्या उतरल्या एवढंच बघून ठेवा, की पूल आपल्या मागे राहिला की अजून पुढे आहे. बाकीचं त्यावरून जुळवता येतं.

सामान आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर या चालण्याला पंधरा-वीस मिनिटं धरा. रिक्षा केली तर लवकर होईल असं वाटतं, पण रिक्षालाही यू-टर्नसाठी लांब जावं लागतं आणि पुलाखालच्या सिग्नलला थांबावं लागतं. संध्याकाळी आयटीवाल्यांची सुटायची वेळ असेल तर पायीच बरं.

बाजू बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं

थांब्यावर पोहोचल्यावर रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. जवळच्या पट्ट्यातली वाहनं तुमच्या उजवीकडून येऊन डावीकडे जातील. म्हणजे ज्या गावाला जायचंय ते तुमच्या डाव्या हाताला असायला हवं. वाकडच्या अंगाला हिंजवडीकडे तोंड करून उभे राहिलात तर डावा हात दक्षिणेला, म्हणजे साताऱ्याकडे. बरोबर जागा. हिंजवडीच्या अंगाला वाकडकडे तोंड केलंत तर डावा हात मुंबईकडे. चुकलात.

यात दोन खाचखळगे आहेत. सर्व्हिस रोडवरच्या वाहनांवरून दिशा ठरवू नका. तिथे दोन्हीकडून गाड्या येतात, कधी रीतसर, कधी बिनदिक्कत उलट्या. दिशा मुख्य हायवेच्या वाहतुकीवरून बघायची. वरच्या हिरव्या पाट्याही उपयोगी पडतात: आपल्या बाजूने जाणाऱ्या चालकाला जी पाटी समोरून वाचता येते, तिच्यावर पुढच्या गावांची नावं असतात. दुसरा अपवाद बीआरटीचा, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या पट्ट्याचा. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यावर दारं बसच्या उजव्या बाजूला उघडतात, त्यामुळे तिथे हा डाव्या हाताचा नियम लागू पडत नाही. तिथे फलकावरचं शेवटच्या थांब्याचं नाव वाचण्याला पर्याय नाही.

दुसरी चूक: पुलावर की पुलाखाली, हे न विचारणं

बाजू बरोबर, वेळ बरोबर, आणि गाडी डोक्यावरून निघून गेली. हे फार होतं. शहरातली साधी बस बहुतेक वेळा खालून जाते, कारण तिचे थांबेच खाली असतात. लांब पल्ल्याच्या गाडीचं तसं नाही. आधीचं बुकिंग असेल तर ती खाली उतरते, नसेल तर वरून सरळ सुटते. काही ट्रॅव्हल्सवाले खाली उतरतच नाहीत; रॅम्प जिथे हायवेला मिळतो तिथे कडेला गाडी घेतात आणि प्रवाशांनी तिथवर चालत यावं अशी अपेक्षा धरतात.

म्हणून तिकिटावर "वाकड ब्रिज" एवढंच असेल तर ती माहिती अपुरी आहे. दोन्ही दिशांच्या थांब्याला तेच नाव असतं. वर पुन्हा भूमकर चौकाचा घोळ आहे: तो वाकडच्या पुलापासून पुढे, मुंबईच्या दिशेला आहे आणि तिथेही असाच पूल, असेच सर्व्हिस रोड. नवख्याला दोन्ही सारखेच दिसतात.

ट्रॅव्हल्सचा फोन लागला की "तुम्ही पुलाच्या अलीकडे थांबता की पलीकडे" असं विचारू नका. चालकाचं अलीकडे म्हणजे तो येतो त्या बाजूचं, आणि तुमचं तुम्ही उभे आहात तिकडचं. हलत नाही अशी खूण मागा.

"दादा, सातारा बाजूला जाणारी गाडी ना? सर्व्हिस रोडला घेणार की वरच थांबणार?"

"खालीच घेतो, पंपाच्या पुढं."

"पंप तुमच्या डाव्या हाताला येतो ना?"

एवढ्या तीन वाक्यांत बाजू, उंची आणि जागा तिन्ही नक्की होतात.

एसटीने जाणार असाल तर आणखी एक प्रश्न आधी विचारा: गाडी बायपासने जाते की स्वारगेटमार्गे? मुंबईकडून साताऱ्याला निघालेली गाडी स्वारगेट करून जाणार असेल तर वाकडच्या पुलाशी कितीही वेळ उभं राहून ती दिसेलच असं नाही. सगळ्यात खात्रीचा माणूस म्हणजे येतानाच्या गाडीचा कंडक्टर. उतरायच्या आधी त्याला विचारा, "परतीला गाडी कुठं लागते?" त्याच मार्गावर ड्युटी असली तर तो बोटाने दाखवतो.

तिसरी चूक: नकाशावरच्या पिनवर डोळे मिटून विश्वास

दोन्ही बाजूंच्या थांब्यांना एकच नाव असल्याने नुसतं नाव टाकून शोधलं तर गूगल मॅप्स कुठलाही एक दाखवेल. थांब्याच्या चिन्हावर बोट ठेवा आणि तिथून सुटणाऱ्या बसच्या पुढे कुठल्या गावाचं नाव आहे ते बघा. ते तुमच्या उलट दिशेचं असेल तर शेजारचंच दुसरं चिन्ह शोधा. मग नकाशा मोठा करून उपग्रहाचं चित्र लावा. पिन मुख्य रस्त्यावर आहे की सर्व्हिस रोडवर, ते त्यात दिसतं. पूल मात्र वरून बघताना चपटा होतो. फोनमधला निळा ठिपका तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली हे सांगू शकत नाही.

पायी जायचा मार्गही तपासून घ्या. कधीकधी नकाशा दुभाजकातून सरळ रेघ ओढतो. तिथे पूर्वी फट असेल, आता लोखंडी कठडा असेल. पुलाखालून, पादचारी पुलावरून किंवा भुयारी मार्गाने जाणारा रस्ता दिसत नसेल तर रसवंतीवाल्याला किंवा पानटपरीवाल्याला विचारलेलं बरं. कठड्यावरून उड्या मारणारे दिसतील. हायवेवरच्या गाडीचा वेग रस्त्याच्या कडेला उभं राहून ओळखता येत नाही आणि दुभाजकावर पोहोचलात तरी पुढचा अर्धा रस्ता शिल्लकच असतो. पावसाळ्यात भुयारी मार्गात पाणी साचलं असेल तर पुढच्या पुलापर्यंत वळसा पडतो. तेवढा वेळ जास्तीचा ठेवा.

चौथी चूक: जुन्या माहितीवर जाणं

चांदणी चौक हे याचं ठळक उदाहरण. तिथला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे पाडला आणि नव्या पुलाचं उद्घाटन ऑगस्ट 2023 मध्ये झालं. रॅम्प बदलले, वळणं बदलली. "चांदणी चौकात पुलाशेजारी उभा राहा, गाडी मिळते" हा त्याआधीचा सल्ला आता कामाचा नाही, मग तो कितीही अनुभवी मामांनी दिलेला असो. मेट्रोची किंवा पुलाची कामं चालू असतील तिथे तर गेल्या महिन्यातली माहितीसुद्धा पडताळून घ्या.

चुकीच्या बाजूला आहात आणि गाडी यायला पाचच मिनिटं आहेत

आधी फोन. तिकिटाच्या मेसेजमध्ये गाडीचा नंबर आणि मदतनीसाचा नंबर असतो. "मी पलीकडच्या बाजूला आहे, पुढचा पिकअप कुठला?" असं विचारा. साताऱ्याकडे निघालेली बायपासची गाडी वाकडनंतर बाणेर, चांदणी चौक, वारजे आणि नवले पूल अशी जाते. यातला कुठला थांबा ती घेते ते कळलं की रिक्षाने थेट तिकडे निघा. वाकडहून चांदणी चौकाला गाडीच्या आधी पोहोचणं अवघड असतं, पण गाडीला मधे दोन ठिकाणी प्रवासी घ्यायचे असतील तर नवले पुलाशी गाठ पडू शकते. निघण्यापूर्वी मदतनीसाला तुम्ही कुठल्या बाजूला उभे राहणार ते सांगा. बेंगळुरूकडे जाणारा सर्व्हिस रोड, पुलाच्या आधी की नंतर, हे त्याच्याकडूनच वदवून घ्या आणि रिक्षावाल्यालाही तेच सांगा, नाहीतर तो मुंबईच्या अंगाला सोडून मोकळा होईल.