ऑल्वेज, यूज्वली, नेव्हर: दिनक्रमाच्या वाक्यात हे शब्द कुठे बसवायचे?

इंग्रजी शिकायला सुरुवात केली की दिनक्रमावरचे स्वाध्याय लवकरच येतात. एक साधं वाक्य दिलेलं असतं, शेजारी ऑल्वेज, यूज्वली, ऑफन, समटाइम्स किंवा नेव्हर यांपैकी एक शब्द असतो आणि तो वाक्यात योग्य जागी घालायचा असतो. अर्थ सगळ्यांना कळतो, चुकते ती जागा. कारण मराठीत ‘मी नेहमी सहा वाजता उठते’, ‘सहा वाजता मी नेहमी उठते’, दोन्ही चालतं. इंग्रजी एवढी मोकळीक देत नाही.

आधी क्रियापद शोधा आणि त्याखाली रेघ मारा. बाकीचं वाक्य कितीही लांब असो, निर्णय याच शब्दावर होतो. ‘आय गेट अप ॲट सिक्स’ यात क्रियापद आहे गेट अप. ते दोन शब्दांचं असलं तरी एकच धरायचं आणि आपला शब्द त्या जोडीच्या आधी ठेवायचा: आय ऑल्वेज गेट अप ॲट सिक्स. ‘गेट ऑल्वेज अप’ असं मध्ये घुसवायचं नाही. तसंच क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्येही जागा नसते. ‘आय ड्रिंक ऑल्वेज मिल्क’ चूक, ‘आय ऑल्वेज ड्रिंक मिल्क’ बरोबर.

मग बघा, क्रियापद ॲम, इज किंवा आर आहे का? असेल तर उलटं करायचं, शब्द त्याच्या नंतर. ‘ही इज लेट’ मध्ये ऑफन घालायचं तर ‘ही इज ऑफन लेट’. आधीचा नियम इथे लावला की ‘ही ऑफन इज लेट’ होतं. कुणी मुद्दाम जोर देऊन बोलताना तसं म्हणेल, पण स्वाध्यायात ते उत्तर धरत नाहीत.

खरी गोम आहे हॅव आणि डू या दोन क्रियापदांत, कारण ती कधी स्वतः काम करतात तर कधी दुसऱ्या क्रियापदाला मदत करतात. ‘शी हॅज ब्रेकफास्ट ॲट एट’ यात हॅज म्हणजे न्याहारी घेणं. तेच मुख्य क्रियापद. म्हणून ‘शी यूज्वली हॅज ब्रेकफास्ट ॲट एट’. पण ‘शी हॅज फिनिश्ड’ यात फिनिश्ड मुख्य आणि हॅज मदतनीस. मदतनीस असेल तर आपला शब्द त्या दोघांच्या मध्ये जातो: ‘शी हॅज ऑल्वेज फिनिश्ड बाय नाइन’. डूचंही तेच. ‘आय समटाइम्स डू माय होमवर्क ॲट नाइट’ यात डू मुख्य आहे. ‘डू यू यूज्वली वॉक टू स्कूल?’ यात डू प्रश्न करायला आलाय, त्यामुळे यूज्वली कर्त्याच्या नंतर आणि वॉकच्या आधी. शंका आली तर पुढे दुसरं क्रियापद आहे का, एवढंच तपासा.

नेव्हरला वेगळा वेळ द्या. ‘मी कधीच दूध पीत नाही’ या वाक्यात आपण कधीच आणि नाही दोन्ही म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘आय डोंट नेव्हर ड्रिंक मिल्क’ लिहितो. प्रमाण इंग्रजीत नेव्हरमध्येच नकार असतो. ‘आय नेव्हर ड्रिंक मिल्क’ एवढंच पुरे, डोंट खोडून टाका.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. वाक्य: ‘माय सिस्टर गोज टू बेड लेट’, शब्द: नेव्हर. क्रियापद गोज. ते ॲम-इज-आर नाही, पुढे दुसरं क्रियापद नाही, म्हणजे शब्द गोजच्या आधी: ‘माय सिस्टर नेव्हर गोज टू बेड लेट’. शब्द मध्ये आला की पुष्कळ जण गोजचं ‘गो’ करून टाकतात. तसं करू नका. कर्ता अजूनही सिस्टरच आहे, त्यामुळे क्रियापदाचं रूप बदलत नाही. आता हेच वाक्य ‘माय सिस्टर इज टायर्ड ॲट नाइट’ असतं तर? ‘माय सिस्टर इज नेव्हर टायर्ड ॲट नाइट’.

समटाइम्स वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटीही चालतं, यूज्वली सुरुवातीला सहज येतं. ऑल्वेज आणि नेव्हर मात्र साध्या विधानात पुढे आणू नका. ‘ऑल्वेज आय गेट अप’ हे मराठीच्या सवयीतून आलेलं वाक्य आहे. ‘एव्हरी डे’, ‘ट्वाइस अ वीक’ असे शब्दसमूह मात्र या मधल्या जागेत बसतच नाहीत. ते बहुधा शेवटी जातात: ‘आय स्विम ट्वाइस अ वीक’.