कॅन बस सुरक्षित करताना या चुका टाळा

इंदूरजवळ पीथमपूरला गाड्यांमधले छोटे संगणक, म्हणजे ईसीयू, तपासायला येणारी नवी मुलं पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारतात: "काका, सीआरसी बरोबर आला ना, मग निरोप खोटा कसा?"

सीआरसी म्हणजे निरोपातून काढलेला तपासणीचा आकडा. तो तारेतला गोंगाट पकडतो, लबाडी नाही. कॅन म्हणजे ईसीयू एकमेकांना निरोप पाठवतात ती सामाईक तार, आणि फ्रेम म्हणजे तिच्यावरचा एक निरोप. फ्रेममधला १५ बिटांचा सीआरसी कंट्रोलर चिप स्वतःच काढून जोडते. चोराने बसवलेली चिपही तो तितक्याच इमानदारीने जोडते. फ्रेममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो. असतो तो फक्त निरोपाचा आयडी, तोही बसवरचा कुणीही वापरू शकतो. बॉशने १९८६ मध्ये कॅन मांडलं तेव्हा बस गाडीच्या पोटातच राहणार, तिथे परका येणार कुठून, असा हिशोब होता. शिवाय फ्रेममध्ये माहितीला जागा जेमतेम ८ बाइट्स. ओळख पटवायची सोय करायला ना गरज वाटली, ना जागा होती.

ज्याला हे पटतं तो लगेच मॅक कोड, म्हणजे गुप्त किल्लीने निरोपावर केलेली सही, जोडायला धावतो आणि पुढच्या खड्ड्यात पडतो. या चुकीचा मला खरा वैताग आहे, कारण ती करणारे हुशार असतात.

आमच्या बेंचवर एकाने दरवाजा उघडण्याच्या निरोपाला मॅक जोडला होता. आखणी नेटकी होती: ४ बाइट्स माहिती, १ बाइट निरोपागणिक वाढणाऱ्या फ्रेशनेस काउंटरचा शेवटचा भाग आणि ३ बाइट्स एईएस-सीमॅकमधून कापून घेतलेला मॅक. पूर्ण काउंटर दोन्ही ईसीयूंकडे असतो आणि मॅक काढताना माहितीबरोबर तोही धरला जातो. २४ बिटांचा मॅक एका झटक्यात अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता साधारण १ कोटी ६७ लाखांत एक. आधी पकडलेला निरोप जसाच्या तसा परत पाठवला, तर काउंटर जुना म्हणून नाकारला गेला. पोरगा खूश.

मी सकाळी सप्लाय सुरू झाल्यापासूनचा लॉग घेऊन ठेवला होता. दुपारी सप्लाय बंद केला, पाठवणाऱ्या ईसीयूचा कनेक्टर काढला, सप्लाय पुन्हा दिला आणि तोच लॉग चालवला.

```
candump -L can0 > sakal.log
canplayer -I sakal.log
```

कुलूप खटकन उघडलं. काउंटर रॅममध्ये होता, वीज गेली की दोन्हीकडे शून्यावर येत होता. तीच मॅकची किल्ली, तोच काउंटर, तीच माहिती, म्हणजे मॅकही तोच. खऱ्या गाडीत यासाठी बॅटरीची एक तार सोडवणं पुरतं.

"मग प्रत्येक निरोपाला फ्लॅशमध्ये लिहू," पोरगा म्हणाला. नको रे बाबा, काही महिन्यांत फ्लॅश झिजून जाईल. मी काउंटरचे दोन भाग करतो. वरचा भाग दर इग्निशनला एकदा वाढतो आणि कायमच्या मेमरीत लिहिला जातो. खालचा निरोपागणिक वाढतो आणि रॅममध्येच राहतो. वीज गेली तरी वरचा भाग मागे जात नाही, त्यामुळे सकाळचा लॉग दुपारी कुचकामी ठरतो. वरचा भाग सगळ्यांना एकाच ईसीयूने वाटावा, नाहीतर मधेच जागा झालेला ईसीयू मागे पडतो आणि खरे निरोपही नाकारत बसतो.

आता गेटवे, म्हणजे गाडीतल्या वेगवेगळ्या बस जोडणारा ईसीयू. नुसता आयडी बघून पुढे सोडणारा गेटवे म्हणजे नाव विचारून आत सोडणारा चौकीदार. फ्रेम कोणत्या पोर्टवरून आली तेही नियमात हवं. कुलपाचा आयडी ओबीडी पोर्टवरून, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो तिथून, आला तर त्याचं तिथे काय काम? त्या पोर्टवरून मी फक्त तपासणीच्या विनंत्यांचे आयडी, 0x7DF आणि 0x7E0 ते 0x7E7, आत घेतो, बाकी सगळं टाकून देतो. पण गेटवेच्या भरवशावर मॅक गाळू नका. २०२२ मध्ये लंडनमध्ये गाड्यांच्या सायबर सुरक्षेचे अभ्यासक इयान टेबर यांची टोयोटा राव्ह४ चोरीला गेली. त्यांनी आणि कॅनचे जाणकार केन टिंडेल यांनी चोरांच्या उपकरणाचा माग काढला, तेव्हा दिसलं की हेडलाइटच्या वायरिंगमधून बसवर शिरून किल्ली पटल्याचा खोटा निरोप टाकला जातो आणि गेटवे तो इमानेइतबारे पुढे इंजिनाच्या बसवर पोचवतो. निरोप योग्य बाजूने आला होता, पाठवणारा तेवढा खोटा होता.

किरकोळ दोन: सगळ्या गाड्यांत मॅकची एकच किल्ली घालू नका, एक ईसीयू फोडला की सगळ्या गेल्या. आणि मॅकने बस तुंबवणं थांबत नाही. आयडी शून्यच्या फ्रेम्सचा मारा केला की प्राधान्य त्यांनाच मिळतं.

शेवटची चूक घाईवाल्यांची. काउंटर जुळत नाही, निरोप नाकारले जातात, डेमो उद्या आहे, म्हणून तपासणीचा निकाल डावलणारा ओव्हरराइड चालू करून ठेवतात आणि तोच बिल्ड पुढे जातो. हे ओळखणं सोपं आहे: मॅकचा एक बाइट मुद्दाम बिघडवून निरोप पाठवा. कुलूप उघडलं, तर बिल्ड परत पाठवा.