टीचिंग फिलॉसॉफी स्टेटमेंट लिहिताना या चुका टाळा

सहायक प्राध्यापकपदाच्या किंवा परदेशातील अध्यापनाच्या अर्जासोबत अनेक ठिकाणी टीचिंग फिलॉसॉफी स्टेटमेंट मागितले जाते. एक ते दोन पानांच्या या निवेदनात आपण कसे आणि का शिकवतो हे सांगायचे असते. कोकणातील महाविद्यालयांतून असे अर्ज करणाऱ्या सहकाऱ्यांचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. त्यांतील बहुतेकांची अडचण भाषेची नसते. मसुद्यात श्रद्धा पुष्कळ असतात, पण त्या श्रद्धेपोटी वर्गात नेमके काय घडते, हे कुठेच दिसत नाही.

सिंधुदुर्गातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेच्या मसुद्याची सुरुवात अशी होती: “विद्यार्थीकेंद्रित अध्यापनावर माझा ठाम विश्वास आहे. प्रत्येक विद्यार्थी वेगळा असून त्याच्यात चिकित्सक विचारशक्ती विकसित करणे हे मी माझे कर्तव्य मानते. अनुभवाधारित शिक्षण, समूहकार्य आणि आधुनिक तंत्रज्ञान यांच्या साहाय्याने मी वर्गात आनंददायी वातावरण निर्माण करते.” यातले एकही वाक्य खोटे नाही, परंतु एकही वाक्य त्यांचे स्वतःचे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून तर हे शब्द इतक्या अर्जांत आढळतात की निवड समितीची नजर त्यांवरून सरळ पुढे सरकते. येथे एक सोपी कसोटी लावावी. हाच परिच्छेद अर्थशास्त्राच्या किंवा मराठीच्या प्राध्यापकाने एकही शब्द न बदलता आपल्या नावाने दिला तर चालेल का? चालत असेल, तर तो काढून टाकण्यास हरकत नाही.

यावर उपाय म्हणून “उदाहरण घाला” असा सल्ला दिला जातो आणि तेथेच दुसरी, अधिक चिवट चूक होते. बाईंनी पुढच्या मसुद्यात लिहिले: “तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर नेते. ओहोटीच्या वेळी त्यांना तेथील प्राण्यांची ओळख करून देते, शास्त्रीय नावे सांगते आणि त्यांच्याकडून अहवाल लिहून घेते.” उदाहरण खरे आहे, ठिकाणही नेमके आहे, तरीही ते चिकित्सक विचाराला आधार देत नाही. परिच्छेदातील क्रियापदे अधोरेखित करून त्यांचे कर्ते पाहिले की हे लगेच कळते: नेते, ओळख करून देते, सांगते, लिहून घेते. प्रत्येक क्रियेचा कर्ता शिक्षिकाच आहे. विद्यार्थी विचार करतात असा दावा वर आहे आणि खाली ते ऐकताना व लिहून घेताना दिसतात. श्रद्धा आणि कृती यांची अशी फारकत असलेले निवेदन उदाहरण नसलेल्या निवेदनापेक्षाही अधिक नुकसान करते, कारण अनुभवी वाचक कृतीवर विश्वास ठेवतो आणि श्रद्धेला शोभेचे वाक्य समजतो.

अशा वेळी नवे उदाहरण शोधण्याची घाई करू नये. आधी त्याच सहलीत विद्यार्थी प्रत्यक्ष काय करतात, हे स्वतःला विचारावे. बाईंना तसे विचारल्यावर कळले की सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांनी लिहिलीच नव्हती. विद्यार्थी पन्नास सेंटिमीटर बाजूची चौकट, म्हणजे क्वाड्रॅट, खडकावर ठेवून आतली कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, मोजतात. पहिल्या फेरीत चौकट कुठे ठेवायची हे बाई मुद्दाम सांगत नाहीत. मुले साहजिकच जेथे कालवे दाट दिसतात तेथे ती ठेवतात. दुसऱ्या फेरीत खडकावर दोन मोजपट्ट्या काटकोनात अंथरून, यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून जागा ठरवतात. मग काही चौकटी कोऱ्या खडकावर पडतात आणि सरासरी घसरते. दोन्ही आकडे शेजारी लिहून बाई एकच प्रश्न विचारतात: खडक तोच, ओहोटी तीच, मग आकडे वेगळे का?

आता श्रद्धेचे वाक्यही आपोआप अरुंद आणि खरे झाले. “चिकित्सक विचारशक्ती” या व्यापक शब्दाच्या जागी बाईंना खरोखर काय वाटते ते आले. सुधारलेला परिच्छेद असा: “आकडा हाती आला की तो कसा मिळाला हे विचारण्याची सवय मला विद्यार्थ्यांना लावायची असते, आणि ती व्याख्यानातून लागत नाही असा माझा अनुभव आहे. म्हणून मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर तृतीय वर्षाचे विद्यार्थी कालवांची गणना दोनदा करतात: आधी स्वतः निवडलेल्या जागी, नंतर यादृच्छिक संख्यांनी ठरलेल्या जागी. दोन सरासऱ्यांतील फरकाचे कारण ते गटात शोधतात; उत्तर मी सांगत नाही. पुढील प्रात्यक्षिकात अनेक जण गणनेआधीच, जागा कशी निवडली हे मी न सांगताही जर्नलमध्ये नोंदवतात.”

शेवटच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावे. “विद्यार्थ्यांना हा उपक्रम फार आवडला” असे लिहिण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे, पण आवडणे हा शिकल्याचा पुरावा नव्हे. पुरावा नंतरच्या कामात शोधावा: जर्नलमधील नोंद, उत्तरपत्रिकेतील मांडणी, तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने उलट विचारलेला प्रश्न. टक्केवारी मोजलेली नसेल तर ती देऊ नये. “अनेक जण” हे शब्द प्रामाणिक असतील तर पुरेसे असतात.

कृतीची मर्यादा लपवणे हीदेखील चूकच आहे. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी पुरेसे मागे हटत नाही आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकावर मुलांना नेणे धोक्याचे असते. जो प्रयोग वेळापत्रकात सहज बसत नाही, त्याचे काय करता, असा प्रश्न मुलाखतीत येणारच. बाईंनी त्यासाठी एक वाक्य जोडले: पावसाळ्यात त्या हाच अभ्यास उन्हाळ्यात काढलेल्या छायाचित्रांवर जाळी आखून प्रयोगशाळेत घेतात. या एका वाक्याने किनाऱ्यापासून दूर असलेल्या संस्थेलाही ही पद्धत आपल्याकडे चालेल हे समजते.

येथवर आल्यावर उत्साहाच्या भरात तिसरे, चौथे उदाहरण घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. एका पानाच्या निवेदनात एक कृती सविस्तर आणि दुसरी थोडक्यात, एवढेच मावते. दुसरी कृती वेगळ्या प्रकारच्या वर्गातील असावी. बाईंनी प्रथम वर्षाच्या मोठ्या वर्गातील एक साधी प्रथा निवडली: तासाच्या शेवटी प्रत्येकाने न समजलेली एक गोष्ट चिठ्ठीवर लिहायची आणि पुढचा तास त्यांतील वारंवार आलेल्या शंकेपासून सुरू करायचा. सहलीचे वर्णन मात्र निर्दयपणे छाटावे लागले; एसटीचा प्रवास, किल्ल्याचे दृश्य आणि मुलांचा उत्साह यांचा मूळ दाव्याशी संबंध नव्हता.

ज्यांनी अजून स्वतंत्र वर्ग घेतलेला नाही, ते उमेदवार “मी असे करीन” या भविष्यकाळात संपूर्ण पान लिहितात. त्यांनीही आधी भूतकाळ चाळावा. संशोधन करताना पदवीच्या मुलांचे प्रात्यक्षिक घेतले असेल किंवा गावात दहावीच्या मुलांना गणित शिकवले असेल, तर त्यातील खरी घडलेली एक छोटी कृती कल्पनेतल्या संपूर्ण अभ्यासक्रमापेक्षा वजनदार ठरते. भविष्यकाळातील वाक्य त्या कृतीनंतर, तिच्याच विस्ताराच्या रूपाने यावे.

मसुदा पाठवण्यापूर्वी श्रद्धेची सर्व वाक्ये झाकून केवळ कृतीची वाक्ये दुसऱ्या विषयाच्या सहकाऱ्याला वाचायला द्यावीत आणि “या शिक्षकाला काय महत्त्वाचे वाटत असावे?” असे विचारावे. त्याचे उत्तर झाकलेल्या वाक्यांशी जुळले नाही, तर आधी श्रद्धेचे वाक्य बदलून पाहावे, कारण बहुतेक वेळा कृती खरी असते आणि वाक्य उसने.